गुलाबी धागा कोणाचा? ऊती ओळखण्याची सरावपत्रिका आणि कारणांसहित उत्तरं

‘टीचर, सगळंच गुलाबी दिसतं.’

हिस्टॉलॉजीच्या पहिल्या महिन्यात हे वाक्य मी प्रत्येक बॅचकडून ऐकते, आणि ते खरंच असतं. ट्रेमधल्या पंचवीस स्लाइडींपैकी निम्म्यांवर गुलाबी धाग्यांचे पट्टे आणि मध्ये जांभळे ठिपके एवढंच दिसतं. अभिस्तर ऊती मुलं लवकर ओळखायला लागतात, कारण तिला एक मोकळी कडा असते आणि पेशी चिऱ्यांच्या भिंतीसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. घोळ होतो तो टेंडन, स्नायू आणि नर्व्ह या तिघांत. स्पॉटिंगच्या परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात. म्हणून ही पत्रिका फक्त या तिघांवर बेतली आहे.

पेडणे, डिचोली, सत्तरीकडून येणारी माझी बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. खुणेमागचं कारण मराठीत सांगितलं की ते त्यांच्या लक्षात राहतं, इंग्रजी नावं मग आपोआप त्याला चिकटतात. प्रयोगशाळेत आपण जी नावं बोलतो तीच इथे वापरली आहेत.

सोडवण्याआधी

प्रत्येक प्रश्नात स्लाइडवर काय दिसतं त्याचं वर्णन आहे. ते वाचून उत्तर झाका. वहीत ऊतीचं नाव लिहा आणि त्याखाली दोन ओळखखुणा लिहा. नुसतं नाव लिहिलंत तर ते धरू नका. नाव बरोबर आणि खूण चुकीची असेल, तर पुढच्या स्लाइडला नावही चुकतं.

शेजारी मायक्रोस्कोप असेल तर आधी स्लाइड हातात धरून उजेडाकडे करा आणि तुकड्याचा आकार नुसत्या डोळ्यांनी बघा. नंतर ४ एक्सवर पूर्ण तुकडा फिरून या, १० एक्सवर एक जागा निवडा आणि तिथेच ४० एक्स लावा. थेट ४० एक्सवर उडी मारणाऱ्याला दिसणारं वर्तुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असतं. त्या वर्तुळात टेंडन आणि स्नायू अगदी जुळ्या भावांसारखे दिसू शकतात.

पावसाळ्यात एक गोष्ट आधी तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर बुरशीचे धागे चढतात आणि मुलं त्यांचंही चित्र काढतात. डाग दिसला तर स्लाइड हलवा. डाग तिच्याबरोबर सरकला तर तो स्लाइडवर आहे. नाही सरकला, तर आयपीस बोटांनी फिरवा. डागही फिरला तर तो आयपीसवर. दोन्हींनी जागचा हलला नाही तर ऑब्जेक्टिव्हवर किंवा खालच्या कंडेन्सरवर, आणि तेव्हा मला हाक मारा. भिंग रुमालाने पुसू नका.

रंग का उपयोगी पडत नाही

आपल्या जवळजवळ सगळ्या स्लाइडी एच अँड ई रंगाच्या आहेत. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकातल्या न्यूक्लिक आम्लांना निळं-जांभळं करतं. इओसिन बहुतेक प्रथिनांना गुलाबी करतं. स्नायूच्या पेशीत प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि कोलॅजेन हे स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे दोन्ही गुलाबीच होणार. कुठला गुलाबी गडद आणि कुठला फिका, हे रंग किती वेळ ठेवला आणि स्लाइड किती जुनी आहे यावरही ठरतं. ‘गडद गुलाबी म्हणून स्नायू’ ही खूण एका ट्रेला चालेल आणि पुढच्या ट्रेला फसवेल.

रंगाऐवजी एकच प्रश्न विचारा: हे केंद्रक धाग्याच्या पोटात आहे की दोन धाग्यांच्या मध्ये?

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत. स्नायूचा धागा म्हणजे स्वतः एक पेशी. पेशी आहे म्हणजे तिचं केंद्रक तिच्या आतच असणार. कोलॅजेनचा धागा ही पेशी नाही. फायब्रोब्लास्टने बनवून बाहेर टाकलेला तो माल आहे. मालाला केंद्रक नसतं, बनवणारी पेशी दोन धाग्यांच्या फटीत दबून बसलेली असते. नर्व्हचा धागा या दोघांहून वेगळा. तो पेशीचा भाग आहे, पण त्या पेशीचं स्वतःचं केंद्रक दूर मज्जारज्जूत किंवा गँग्लिऑनमध्ये राहतं. धाग्यालगत जी केंद्रकं दिसतात ती मुख्यतः त्याला वेढून बसलेल्या श्वान पेशींची.

प्रश्न १

४ एक्सवर गुलाबी रंगाचा लांब पट्टा, सगळे धागे एकाच दिशेने. १० एक्सवर धागे थोडे नागमोडी दिसतात. ४० एक्सवर केंद्रकं अगदी थोडी, काळसर, सुईसारखी बारीक आणि दोन्ही टोकांना निमुळती. ती ओळीत एकामागून एक आहेत आणि प्रत्येक ओळ दोन गुलाबी पट्ट्यांच्या सीमेवर आहे. पट्ट्यांच्या आत काहीच नाही.

उत्तर: टेंडन, म्हणजे घट्ट आणि एकाच दिशेने रचलेली संयोजी ऊती, लांबीत कापलेली.

विहिरीवर ताणलेला सुंभ डोळ्यांपुढे आणा. काथ्याचे सगळे पीळ ओढीच्या दिशेने असतात. टेंडनवर ओढ एकाच दिशेने येते, म्हणून कोलॅजेनही त्याच दिशेने रचलं जातं. जवळजवळ सगळी जागा कोलॅजेनने घेतल्यामुळे फायब्रोसाइटना फटीत बसावं लागतं. बाजूने बघताना त्या चेपलेल्या दिसतात, म्हणून केंद्रक सुईसारखं. हाच टेंडन आडवा कापला तर केंद्रकं बारीक ठिपके होतात आणि पेशीच्या कडा चांदणीसारख्या फटींमध्ये पसरलेल्या दिसतात.

इथे मुलं ‘नागमोडी आहे म्हणून नर्व्ह’ असं लिहितात. टेंडन सैल असताना त्याच्या धाग्यांना चुण्या पडतातच. नागमोडीपणा ही खूण दोघांत समाईक आहे, त्यामुळे तिच्यावरून निवाडा होत नाही. केंद्रकं मोजा. टेंडनमध्ये ती इतकी थोडी असतात की ४० एक्सच्या वर्तुळात बराच भाग नुसताच गुलाबी राहतो.

प्रश्न २

गुलाबी चादर, पण जांभळ्या केंद्रकांनी भरलेली. केंद्रकं लांबट, फिकट जांभळी, दोन्ही टोकांना बोथट, विडीसारखी. काही केंद्रकांना स्क्रूसारखे पीळ पडलेले आहेत. स्लाइड थोडी सरकवली की शेजारच्याच थरात धागे नाहीत, लहानमोठी गुलाबी वर्तुळं आहेत. काही वर्तुळांच्या मधोमध जांभळा ठिपका आहे, पुष्कळांत नाही.

उत्तर: स्मूथ मसल, म्हणजे अरेखित स्नायू. एका थरात लांबीत कापलेला आणि शेजारच्या थरात आडवा.

या प्रश्नावर थोडं थांबू या, कारण आडव्या कापाचं चित्र पाहून निम्मा वर्ग ‘ही वेगळीच ऊती आहे’ असं म्हणतो.

मासळीबाजारात तारल्यांची पाटी बघितली असेल. तारला मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. पाटीत नीट रचले तर एकाचं पोट दुसऱ्याच्या शेपटीशेजारी येतं आणि मध्ये जागा उरत नाही. अरेखित स्नायूच्या पेशी तशाच चातीसारख्या असतात आणि तशाच रचलेल्या असतात. आता कल्पना करा की रचलेल्या पाटीतून एकच सरळ सुरी आडवी फिरवली. कापलेल्या पृष्ठभागावर काय दिसेल? काही मोठ्या चकत्या पोटावर कापलेल्या, काही लहान शेपटीवर कापलेल्या. तारल्याचं पोट फक्त मोठ्या चकत्यांत दिसेल.

पेशीतही केंद्रक सर्वांत रुंद भागात, मधोमध असतं. म्हणून ठिपका फक्त मोठ्या वर्तुळांत आणि तोही मधोमध. हिशेब करायचा तर पेशी १०० मायक्रोमीटर लांब आणि केंद्रक २० मायक्रोमीटर लांब धरा. एखाद्या ठिकाणी आडवा काप घेतला तर साधारण पाचांतल्या एकाच पेशीत केंद्रक सापडेल. बाकीच्या चार पेशींना केंद्रक आहेच, फक्त सुरी त्यावरून गेली नाही. आपला काप अवघा ५ मायक्रोमीटर जाडीचा असतो हे लक्षात ठेवा, स्लाइडवर अख्खी पेशी कधीच नसते.

केंद्रकाला पीळ का? पेशी आकुंचन पावलेल्या अवस्थेत स्थिर झाली की आतलं केंद्रकही दबून स्क्रूसारखं होतं. हे आकुंचनाचं चिन्ह आहे, म्हणजे धागा आखडू शकणारा आहे. टेंडनमधलं केंद्रक असं मळसूत्री होत नाही. पीळ दिसला तर वहीत लिहा, ती फार चांगली खूण आहे.

टेंडनपासून वेगळं करायचं तर दोन स्लाइडी शेजारी ठेवून फक्त केंद्रकाचं टोक बघा. टेंडनचं टोक सुईचं, स्नायूचं टोक बोथट. मग त्याच केंद्रकाच्या दोन्ही अंगांना बघा. स्नायूत केंद्रकाभोवती दोन्ही बाजूंना गुलाबी पेशीद्रव असतो, ते पोटात बसलेलं असतं. टेंडनमध्ये ते कडेला चिकटलेलं असतं.

प्रश्न ३

चरबीच्या रिकाम्या गोल जागांमध्ये दोनतीन फिकट गुलाबी गोळे. प्रत्येक गोळ्याभोवती घट्ट, एकसंध, बारीक वेष्टन. गोळ्याच्या आत १० एक्सवर फेसासारखं दिसतं. ४० एक्सवर फेसातला प्रत्येक बुडबुडा एक कडं आहे, आणि कड्याच्या मधोमध बारीक गुलाबी ठिपका आहे.

उत्तर: परिघीय नर्व्ह, आडवा कापलेला.

कड्यातली फिकट जागा मायलिनची आहे. मायलिन मुख्यतः मेदाचं असतं. पॅराफिनमध्ये ऊती बसवण्यापूर्वी ती अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते, तेव्हा मेद विरघळून जातो. मागे प्रथिनाची विस्कटलेली जाळी उरते. मधला ठिपका म्हणजे अ‍ॅक्झॉन. शेजारच्या चरबीच्या पेशी रिकाम्या दिसतात त्यांचंही कारण हेच, पण त्या फार मोठ्या असतात आणि त्यांच्या मधोमध कधीच ठिपका नसतो. त्यांचं केंद्रक कडेला चेपलेलं असतं.

मुलं इथे सर्वांत जास्त चूक करतात ती अशी: कड्याच्या मधला ठिपका पाहून ‘केंद्रक मधोमध, म्हणून स्मूथ मसल आडवा’ असं लिहितात. ठिपक्याचा रंग बघा. केंद्रक जांभळं असतं, अ‍ॅक्झॉन गुलाबी. आणि ठिपक्याभोवती काय आहे तेही बघा. स्नायूत ठिपक्याभोवती भरलेला गुलाबी पेशीद्रव असतो, नर्व्हमध्ये जवळजवळ मोकळी जागा.

लांबीत कापलेला नर्व्ह फिकट, नागमोडी आणि थोडा जाळीदार दिसतो. केंद्रकं टेंडनहून बरीच जास्त आणि टोकदार. पुष्कळशी लाटेबरोबर वळलेली असतात, एखादं तर स्वल्पविरामासारखं. नुसत्या लाटेवर विसंबू नका. भोवतीचं वेष्टन शोधा. पेरिन्यूरियम हे नर्व्हच्या प्रत्येक जुडग्याला स्वतंत्र मिळालेलं पांघरूण आहे आणि ४ एक्सवरही ते दिसतं.

प्रश्न ४

रुंद गुलाबी धागे. धाग्याच्या आत केंद्रक दिसत नाही, जांभळे ठिपके सगळे कडेला. म्हणजे टेंडन?

उत्तर: नाही. हा स्केलेटल मसल, म्हणजे रेखित स्नायू.

हा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे, कारण ‘पोटात की मध्ये’ हा नियम पाठ करणारा इथे पडतो. रेखित स्नायूच्या एका धाग्यात अनेक केंद्रकं असतात आणि ती सगळी आवरणाला आतून चिकटून बसतात. आकुंचन पावणारे तंतू मधली सगळी जागा व्यापतात, त्यामुळे केंद्रकं परिघावर ढकलली जातात. ती धाग्याच्या आतच आहेत, फक्त कडेला आहेत.

मग फरक कसा करायचा? पहिल्यांदा रुंदी. स्लाइडवर कुठेतरी रक्तवाहिनी शोधा आणि तिच्यातली एक तांबडी पेशी बघा. ती साधारण ७ मायक्रोमीटरची असते, म्हणजे प्रत्येक स्लाइडवर फुकटची मोजपट्टी. रेखित स्नायूचा धागा अनेकदा ५० मायक्रोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या रुंदीत सहासात तांबड्या पेशी शेजारी शेजारी मावतील. अरेखित स्नायूची पेशी सर्वांत रुंद जागी जेमतेम एका तांबड्या पेशीएवढी.

दुसरी खूण म्हणजे आडव्या रेघा. त्या २-३ मायक्रोमीटरवर एक अशा असतात, म्हणून १० एक्सवर शोधू नका. ४० एक्स लावा, कंडेन्सर थोडा खाली घ्या किंवा त्याची झडप थोडी मिटा, आणि बारीक स्क्रू हळूहळू मागेपुढे करत राहा. पूर्ण उजेडात रेघा पुसल्यासारख्या होतात. ‘टीचर, माझ्या स्लाइडवर रेघाच नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा कंडेन्सर वर टेकलेला असतो.

एक खोटी रेघही असते. सुरी थरथरली तर कापावर समांतर पट्टे उठतात. ते खरखरीत आणि रुंद असतात. ओळखायचं असं: खरी रेघ धाग्याच्या कडेला संपते आणि शेजारच्या धाग्यातली रेघ तिच्याशी जुळेलच असं नाही. सुरीचा पट्टा मात्र धागा, फट, शेजारची संयोजी ऊती, सगळ्यांवरून सरळ निघून जातो.

हृदयाचा स्नायू या पत्रिकेत स्वतंत्र प्रश्न म्हणून नाही. रेघा आहेत, पण केंद्रक मधोमध आहे आणि धाग्यांना फांद्या फुटल्या आहेत, एवढं दिसलं की तो हृदयाचा.

प्रश्न ५: एक अख्खी स्लाइड

आता सगळं एकत्र करू. गेल्या खेपेला एका विद्यार्थिनीने जी स्लाइड पूर्ण चुकवली आणि मग माझ्याशेजारी बसून पूर्ण बरोबर सोडवली, तीच इथे देते. नळीचा आडवा काप. तिचं पहिलं उत्तर होतं: ‘आत अभिस्तर, त्यात ग्रंथी, बाहेर टेंडनचे दोन थर.’

पायरी पहिली. ४ एक्सवर मोकळी जागा शोधली. ती चुणीदार आहे, आणि तिच्या कडेला जांभळटपणा असलेली जाड पट्टी. पट्टीत पेशींचे अनेक थर. पट्टीचं नाव वरच्या थरावरून द्यायचं, खालच्यावरून नाही. वरच्या पेशी चपट्या आणि अजून केंद्रक असलेल्या, म्हणून अनेक थरांचा चपटा, शृंगित्व न आलेला अभिस्तर. इथवर तिचं बरोबर होतं.

पायरी दुसरी. ‘ग्रंथी’ म्हणून तिने अभिस्तराच्या आत दिसणारी गुलाबी बेटं दाखवली. बेटांच्या आत ४० एक्सवर बारीक रक्तवाहिनी आणि सैल तंतू होते, आणि बेटाच्या काठाला लहान, गडद पेशींची ओळ. अशी गडद, दाटीची ओळ अभिस्तराच्या तळाला असते. मग तळ मध्येच कसा आला? संयोजी ऊतीची बोटं खालून अभिस्तरात घुसलेली असतात. काप थोडा तिरका गेला की बोटाचा बुंधा कापाबाहेर राहतो आणि टोक बेटासारखं सुटं दिसतं. ग्रंथी असती तर बेटाच्या जागी स्रवणाऱ्या पेशींचा गोल गुच्छ दिसला असता आणि मध्ये रक्तवाहिनी नसती. खऱ्या ग्रंथी या स्लाइडमध्ये होत्या, पण अभिस्तराच्या बऱ्याच खाली, फिकट पेशींचे झुबके.

पायरी तिसरी. बाहेरचे दोन ‘टेंडन’. आतल्या थरात धागे लांबीत दिसत होते. तिला केंद्रकाचं टोक बघायला सांगितलं. बोथट. मोजायला सांगितलं. पुष्कळ. दोन्ही अंगांना गुलाबी पेशीद्रव. टेंडन बाद, अरेखित स्नायू. नळी आडवी कापलेली असताना धागे लांबीत दिसतात, याचा अर्थ ते नळीभोवती गोल फिरलेले आहेत.

बाहेरचा थर म्हणजे वर्तुळांचा, म्हणजेच धागे नळीच्या लांबीने. तिने ४० एक्स लावला आणि गप्प झाली. वर्तुळं दोन जातींची होती. काही लहान, गोल, मधोमध केंद्रक असलेली किंवा केंद्रक न दिसणारी. त्यांच्या शेजारीच बहुकोनी, कितीतरी मोठी, काठावर दोन-तीन केंद्रकं असलेली. शेजारच्या तांबड्या पेशीशी मोठ्यांची रुंदी ताडून बघितली तेव्हा सहा पेशी मावल्या. म्हणजे रेखित आणि अरेखित स्नायू एकाच थरात.

असं कुठे असतं? अन्ननलिकेच्या वरच्या तिसऱ्या भागात रेखित स्नायू असतो, खालच्या भागात अरेखित, आणि मधल्या भागात दोघांची सरमिसळ. ऊती नीट ओळखल्या की अवयव आणि त्यातली जागाही सापडली. अवयवाचं नाव आधी आठवून मग खुणा शोधणं ही उलटी वाट आहे, तीत माणूस नसलेल्या खुणाही बघतो.

पायरी चौथी. दोन स्नायूथरांच्या मध्ये फिकट पेशींचा एक लहान पुंजका राहिला होता. तिने रक्तवाहिनी म्हटलं होतं. पण मध्ये पोकळी नव्हती, तांबड्या पेशी नव्हत्या. दोन मोठ्या पेशी होत्या, पेशीद्रव जांभळट, केंद्रक गोल आणि फिकट, आणि त्याच्या आत एकच गडद टिंब. ते टिंब न्यूक्लिओलस. अशा पेशी न्यूरॉनच्या. स्नायूच्या दोन थरांमधला हा पुंजका मायएंटेरिक प्लेक्ससचा. आधी न सापडलेली चेता ऊती इथे सापडली आणि एका स्लाइडवर चारही मूळ ऊती पूर्ण झाल्या.

तिचं सुधारलेलं उत्तर वहीत असं होतं: ‘अन्ननलिका, मधला भाग. खूण १: अनेक थरांचा चपटा, शृंगित्व नसलेला अभिस्तर. खूण २: बाहेरच्या स्नायूथरात मोठे, काठावर केंद्रक असलेले धागे आणि लहान, मधोमध केंद्रक असलेल्या पेशी एकत्र.’ परीक्षक याहून जास्त मागत नाही.

एच अँड ई जिथे पुरत नाही

तिरका कापलेला, थोडीच केंद्रकं असलेला, फिका पडलेला लहानसा गुलाबी तुकडा समोर आला तर टेंडन की अरेखित स्नायू हे एच अँड ईवर अनुभवी डोळ्यालाही ठामपणे सांगता येत नाही. तिथे वेगळा रंग लागतो. मॅसन ट्रायक्रोममध्ये स्नायू लाल आणि कोलॅजेन निळं किंवा हिरवं होतं. व्हॅन गीसनमध्ये कोलॅजेन लाल आणि स्नायू पिवळा. म्हणजे लाल रंगाचा अर्थ या दोन रंगांत अगदी उलटा आहे, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय लाल पाहून निष्कर्ष काढू नका. आपल्या कपाटात दोन्हींच्या काही स्लाइडी आहेत. त्याच नळीची एच अँड ई स्लाइड शेजारच्या मायक्रोस्कोपवर लावून दोन्ही आळीपाळीने बघा. एकदा निळं कोलॅजेन स्नायूच्या जुडग्यांमधून कसं शिरतं ते पाहिलं, की एच अँड ईवरही त्या फटी दिसायला लागतात.

चित्र काढताना गुलाबी पेन्सिल शेवटी हातात घ्या. आधी जांभळ्या पेन्सिलने फक्त केंद्रकं काढा: किती, कशी, कुठल्या दिशेने. ती काढून झाल्यावर कागद शेजारच्याला दाखवा आणि धागे न काढताच त्याला ऊती ओळखता येते का विचारा. नाही आली, तर गुलाबी भरू नका. परत ४० एक्सवर जा आणि एका केंद्रकाचं टोक आणि त्याच्या दोन्ही बाजू पुन्हा बघा.